दोन रथ आणि वडिलांची चेतक

रविवारी बाप्याच्या वडिलांचा दहावा होता. रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. तासभर सगळे उन्हात उभे. काय इच्छा राहिली असेल ते एकेक जण आठवून बोलत होता. शेवटी बाप्याने धाकट्या बहिणीचं लग्न करून देईन असा शब्द दिला, त्यानंतर कुठे एक कावळा उतरला. संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे त्याच्या गॅरेजबाहेरच्या कट्ट्यावर जमलो. बराच वेळ कुणीच बोलत नव्हतं. मग बाप्याच म्हणाला, "गुरुजी म्हणाले, आत्मा अडकलाय. आणि संजूदादा, तुम्हा बौद्धांत तर आत्माच मानत नाहीत. गेल्या साली तुझी आई गेली, तिचं मग काय झालं?"

विचारण्यात टोमणा नव्हता. संजूदादालाही तो लागला नाही. उलट आमचे नाना, म्हणजे आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस, पुढे सरसावून बसले. "बाप्या, नचिकेताने यमाला हेच विचारलं होतं. माणूस मेल्यावर कुणी म्हणतं तो असतो, कुणी म्हणतं नसतो, खरं काय ते सांग. कठोपनिषदातला खरा उपदेश तिथूनच सुरू होतो."

संजूदादाने थेट उत्तर दिलं नाही. गॅरेजच्या आत स्टँडवर बाप्याच्या वडिलांची जुनी चेतक उभी असते, तिच्याकडे बोट करून विचारलं, "ही कुणाची?"

"बाबांची."

"इंजिन?"

"बोअर करून घेतलंय दोनदा. पिस्टन नवा, सीट नवी, पुढचा फोर्क नवा. दोन्ही बाजूची कव्हरं तर दुसऱ्या गाडीची आहेत."

"मग बाबांची चेतक यातली कुठली? हँडल? चाक? इंजिन?"

"एकेकटं कुठलंच नाही."

"सगळे पार्ट काढून पोत्यात भरले तर पोतं म्हणजे चेतक का?"

बाप्या मेकॅनिक आहे, पार्टच्या पोत्याला गाडी म्हणणं त्याला शक्यच नव्हतं.

मग संजूदादाने मिलिंद राजाची गोष्ट सांगितली. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. राजधानी सागल, जिला बहुतेक अभ्यासक आजचं सियालकोट मानतात. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला नाव विचारतो. नागसेन म्हणतात, लोक मला नागसेन म्हणतात खरं, पण ते नुसतं हाक मारायचं नाव आहे, त्यामागे वेगळी अशी व्यक्ती सापडत नाही. राजा चिडतो. मग चीवर कोण घेतो, शील कोण पाळतो, तुम्हाला कुणी मारलं तर खून झालाच नाही का? नागसेन उलट विचारतात, आपण इथे कसे आलात? रथातून. मग दांडी म्हणजे रथ का? आस, चाकं, जू? यांच्याबाहेर आणखी काही? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो आणि शेवटी स्वतःच कबूल करतो, हे सगळं नीट जुळलेलं असलं की त्याला रथ म्हणायची पद्धत आहे. नागसेन म्हणतात, माणसाचंही तसंच.

"म्हणजे रथ नाहीच असं ते म्हणत नाहीत," संजूदादाने हे मुद्दाम दोनदा सांगितलं. "राजा रथातून आला हे खरंच आहे. तुझी आई नव्हती, तू नाहीस, असं बुद्धाने कुठेही सांगितलेलं नाही. भागांच्या आत एक न बदलणारा मालक बसलाय, एवढंच नाकारलंय."

बाप्या उठला, चेतकचं बाजूचं कव्हर काढलं आणि आतल्या पत्र्यावर बोट ठेवलं. "हे बघ. चेसिस नंबर. इंजिन बदलू दे, रंग बदलू दे, आरटीओ याच्यावरून ओळखतं. हाच आत्मा."

आम्हाला सगळ्यांना ते पटलं. नानांना मात्र अजिबात नाही.

"नाही रे बाळा. चेसिस हा गाडीचाच एक भाग झाला, उद्या गंजेल. आत्मा हा भागांपैकी एक नव्हे. आपल्याकडेही रथच आहे बघ. कठोपनिषद म्हणतं, शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन हे लगाम, बुद्धी सारथी. आणि आत्मा रथी, म्हणजे आत बसलेला. नागसेनाने चाकं मोजली, दांडी मोजली, पण रथात बसून आलेल्या राजाला मोजलंच नाही."

मला हा मुद्दा बिनतोड वाटला आणि अजूनही वाटतो. दोन परंपरांनी एकच चित्र घेतलं, पण एकीने रथाकडे बघितलं, दुसरीने रथात बसलेल्याकडे. नवखा माणूस नागसेनाचा रथ ऐकतो आणि आत्म्याचं खंडन झालं असं समजून उठतो. तेवढ्याने ते होत नाही. रथीचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

संजूदादाने ते लगेच मान्य केलं. "म्हणूनच बुद्धाने सारनाथला पाच भिक्खूंना जे दुसरं प्रवचन दिलं, त्यात रथ नाहीच. तिथे थेट तपासणी आहे. बाप्या, सकाळचं आठव. पाय फरशीवर भाजत होते?"

"हो."

"ते शरीर, म्हणजे रूप. ते नकोसं वाटत होतं, ती वेदना. पाली भाषेत वेदना म्हणजे दुखणंच असं नाही, सुखद, दुःखद किंवा दोन्ही नाही अशी कुठलीही चव. झाडावर काळं काही दिसलं आणि 'कावळा' असं ओळखलंस, ती संज्ञा. आपल्याकडून बाबांचं काहीतरी राहिलं म्हणून आतून टोचणी लागली, शब्द द्यावासा वाटला, ते संस्कार. आणि हे सगळं जाणवत होतं ती जाणीव, तिला विज्ञान म्हणतात. माणूस ज्यांचा बनतो ते हे पाच स्कंध. आता सांग, यातलं एक तरी तुझ्या हुकमात होतं? पायांना म्हणालास भाजू नका, तर ऐकलं?"

बाप्या गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "टोचणी तर थांबवायची होती मला. नाही थांबली."

"तेच. बुद्ध म्हणतात, हे शरीर खरोखर आत्मा असतं तर ते आजाराकडे गेलं नसतं, आणि 'माझं शरीर असं असो, तसं नसो' असं त्याला सांगता आलं असतं. पाचही स्कंधांना हीच कसोटी. जे बदलतं, जे हुकमात नाही, त्याला 'हे माझं, हा मी, हा माझा आत्मा' म्हणू नये."

आता नाना भडकतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "यातला एकही शब्द मी खोडणार नाही. शरीर आत्मा नव्हे, मन नव्हे, टोचणी नव्हे. उपनिषदात याज्ञवल्क्य हेच म्हणतात, नेति नेति, हे नव्हे, हे नव्हे. भांडण त्याच्या पुढे आहे. हे पाचही ज्याला कळले, तो कोण? डोळा सगळं बघतो, स्वतःला बघत नाही. तसा जो बघणारा आहे, तो बघितलेल्या वस्तूंत सापडणार कसा? सगळं वजा केल्यावर जो वजा करणारा उरतो, तो साक्षी. वेदान्ताचा आत्मा तो."

खरा फरक हा इथे आहे. वजाबाकी दोघेही करतात. वेदान्त म्हणतो बाकी उरते. बुद्ध म्हणतात, बाकी धरून ठेवू नका, तीही तपासा. (सांख्य आणि न्याय या दुसऱ्या दर्शनांचे लोक आत्म्याविषयी वेदान्त्यांपेक्षा पुष्कळ वेगळं बोलतात. 'हिंदूंचा आत्मा' म्हणून एकच मत नाही, हे नानांनी मला मागाहून बजावलं. पण काहीतरी नित्य उरतं यावर त्यांचं एकमत आहे.)

"त्या जाणणाऱ्यालाच एका भिक्खूने आत्मा केलं होतं," संजूदादा म्हणाला. "साती त्याचं नाव, कोळ्याचा मुलगा. तो सांगत फिरायचा की हेच विज्ञान जन्मोजन्मी फिरतं. बुद्धाने बोलावून विचारलं, विज्ञान म्हणजे कुठलं रे? तो म्हणाला, बोलणारं, भोगणारं, बऱ्यावाईट कर्मांची फळं चाखणारं. बुद्धाने त्याला चांगलंच फटकारलं आणि विस्तवाचा दाखला दिला. लाकडाचा विस्तव, गवताचा विस्तव, शेणीचा विस्तव. ज्यावर पेटतो त्यावरून त्याचं नाव. तसं डोळा आणि रूप यांमुळे उठतं ते चक्षुविज्ञान, कान आणि शब्द यांमुळे उठतं ते श्रोत्रविज्ञान. जळणाशिवाय नुसता विस्तव बाजूला काढून दाखवता येत नाही. तसा नुसता जाणणाराही नाही. जाणणं घडतं, प्रत्येक वेळी कशावर तरी."

माझ्या मते अनात्म समजायला रथापेक्षा हा शेणीचा विस्तव जास्त उपयोगी आहे, कारण तो नेमका नानांच्या साक्षीला हात घालतो. पण नानांकडे अजून एक पत्ता होता आणि तोही जुना आहे.

"मग आठवण कुणाची? सकाळी घाटावर उभा होता तो आणि आता बोलतोय तो, दोघं वेगळे असतील तर बाप्याला सकाळ आठवते कशी? तू पाहिलेलं मला आठवत नाही. वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत बौद्धांना उत्तर देताना हेच एका शब्दात म्हटलंय, 'अनुस्मृतेश्च', म्हणजे आठवण होते म्हणूनही."

संजूदादाने दिव्याचा दृष्टान्त दिला, तोही नागसेनांचाच. रात्रभर एक दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत तीच शेवटच्या प्रहरातली का? नाही. मग दुसराच दिवा का? तेही नाही. 'न च सो, न च अञ्ञो', तोही नाही आणि दुसराही नाही. पहिल्या ज्योतीमुळे दुसरी, म्हणून आठवण त्याच ओळीत पुढे सरकते, नानांच्या ओळीत जात नाही. खुनाच्या प्रश्नालाही उत्तर त्याच जातीचं आहे. आंबा चोरणारा म्हणाला, मालकाने लावली ती कोय वेगळी, मी चोरलेले आंबे वेगळे, तर राजा त्याला सोडणार नाही. त्या कोयीमुळेच हे आंबे आले.

"पण एका ज्योतीची ओळ दुसरीपासून वेगळी धरणारं काय?" नानांनी विचारलं.

"कारण आणि कार्य. दुसरं काही नाही."

"मला ते पुरत नाही."

"मला पुरतं," संजूदादा म्हणाला, आणि मग जरा थांबून, "पण प्रश्न सोपा नाही. आत्मा नाही तर कर्म कसं, पुनर्जन्म कसा, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच अडचण म्हणून मांडलंय. तो प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही."

बाप्या एवढा वेळ ते कव्हर हातात धरूनच बसला होता. "नाना, आत्मा साक्षी आहे, कशानं भिजत नाही, जळत नाही, असं गीतेत आहे ना? मग तो भुकेला कसा राहील? कावळ्यासाठी कसा थांबेल?"

नाना लगेच बोलले नाहीत. "नाही थांबत. देह सोडून पुढे जातो तो लिंगदेह, म्हणजे सूक्ष्म शरीर, वासना घेऊन जातो तो. पिंड त्याच्यासाठी. त्याला आत्मा म्हणायची आपल्याला सवय झालीय, पण तो उपनिषदांचा आत्मा नव्हे. आत्मा कुठे जात नाही की येत नाही."

"आणि संजूदादा, तुझ्याकडे?"

"अडकून राहील असा कुणी नाही. आईने जे केलं ते पुढे काम करत राहतं. तिनं मला वाचायला बसवलं, ते अजून चालूच आहे."

"म्हणजे तुम्हा दोघांच्याही हिशेबाने बाबांचा आत्मा सकाळी उन्हात ताटकळत नव्हता."

"आत्मा म्हणून, नाही," नाना म्हणाले.

बाप्याने मान हलवली, चेतकपाशी गेला आणि कव्हर जागेवर बसवून एकेक स्क्रू आवळायला लागला.