अ‍ॅप काढलं, खातं ठेवलं: जुलैभर मी इथं नव्हते, पण माझं खातं होतं

गेला महिनाभर ज्यांनी मेसेंजरवर मेसेज टाकले आणि उत्तर न आल्यामुळे मनात काहीबाही आणलं, त्यांच्यासाठी आधी सांगते. मी कोणालाही ब्लॉक केलेलं नाही. धुळ्याच्या मावशीचा तर 11 तारखेला थेट फोनच आला, "काय वं माय, माले ब्लॉक करी टाकं का?" मी म्हटलं मावशी, अ‍ॅपच काढलंय. ती म्हणाली, "मंग तुना फोटो कसा दिखस?"

मावशीचा प्रश्न बरोबर होता. त्यावरच ही पोस्ट आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करून विकते. बिबडे-कुरडयांचा सीझन आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर ओसरतो आणि आषाढात ऑर्डरी जवळजवळ थांबतात. म्हणून 1 ते 31 जुलै असा महिना धरला. फेसबुक, इन्स्टाग्राम, मेसेंजर फोनमधून काढायचे, खाती मात्र ठेवायची. खातं तात्पुरतं बंद करण्याची सोय आहे, ती घेतली नाही. कारण माझ्या बिबड्यांच्या पेजची मी एकटीच मालकीण. आपलं खातं तात्पुरतं बंद केलं की ज्या पेजवर फक्त आपलाच ताबा आहे ते पेजही बंद होतं. कायमचं डिलीट केलं तर 30 दिवसांत मागे फिरता येतं, त्यानंतर नाही. दोन्ही मला नको होतं.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत 2018 च्या निवडणुकीआधी संशोधकांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. दिवसाला साधारण तासभर मोकळा झाला, मन थोडं बरं झालं आणि बातम्यांची माहिती मात्र कमी झाली, असं त्यात दिसलं. तो अभ्यास आपल्याकडे बरेच जण "अ‍ॅप काढा" म्हणताना सांगतात. पण त्या लोकांनी अ‍ॅप काढलं नव्हतं, खातंच बंद केलं होतं. त्यांचं नाव शोधणाऱ्याला ते सापडतच नव्हते. माझ्यासारखं नुसतं अ‍ॅप काढणं म्हणजे दाराला कुलूप न लावता, ओट्यावरचा दिवा चालू ठेवून गावाला जाणं. येणारा येतो, हाक मारतो, ओट्यावर बसतो, आणि घरातलं माणूस मुद्दाम बाहेर येत नाही असं समजून परत जातो.

म्हणून खरं काम अ‍ॅप काढायच्या आधीच्या दोन दिवसांत होतं. माझं तिथंच पहिलं घोडं अडलं. पासवर्ड आठवेना. पाच वर्षं फोनने मला आपोआप आत सोडलं होतं. खात्याला जोडलेला ईमेल कॉलेजच्या काळातला, तो उघडत नाही. मोबाईल नंबर मात्र चालू होता, म्हणून वाचले. अ‍ॅप आधी काढलं असतं आणि तो नंबरही बंद असता, तर महिन्याने परत यायला दारच नव्हतं. तर पासवर्ड बदलला, ईमेल नवा जोडला आणि दुहेरी सुरक्षेचे जे रिकव्हरी कोड मिळतात ते दहाच्या दहा किराणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. सासूबाईंनी विचारलं, हे कसले हिशेब.

मग टॅगची सेटिंग. कोणी मला टॅग केलं तर ते माझ्या प्रोफाईलवर येण्याआधी माझी परवानगी लागावी, असं करून ठेवलं. याची मर्यादा लक्षात घ्या. पोस्ट माझ्या प्रोफाईलवर येत नाही इतकंच. टॅग करणाऱ्याच्या भिंतीवर ती माझ्या नावासकट दिसतेच. प्रोफाईल लॉक केलं, मित्रयादी लपवली. पेजवर एक पोस्ट पिन केली, "जुलैत ऑर्डर फोनवर", आणि पेजच्या इनबॉक्सला तेच सांगणारं आपोआप उत्तर लावलं. वैयक्तिक मेसेंजरला अशी सोय मला मिळाली नाही, आणि घोळ झाला तो तिथंच.

एक चूक पूर्णपणे माझी. इन्स्टाग्रामवर बिबडे थापतानाचे सहा रील ड्राफ्टमध्ये होते. ड्राफ्ट खात्यात नसतात, त्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये असतात. अ‍ॅप गेलं, ड्राफ्ट गेले. वाफाळलेलं ज्वारीचं पीठ, घराचं धाबं, वहिनीचे हात, सगळं गेलं. आता पुढच्या फाल्गुनाशिवाय ते पुन्हा घेता येणार नाही. काढण्याआधी गॅलरीत सेव्ह करा, एवढंच.

आणि हो, माझ्या फोनमध्ये फेसबुक हे फोनच्या कंपनीकडूनच आलेलं होतं. तिथं "काढा" नसतंच, फक्त "बंद करा" असतं. शिवाय क्रोममध्ये मी लॉगिन राहिलेली होते हे मला तिसऱ्या रात्री समजलं, म्हणजे बोटांना समजलं. facebook.com टाइप केलं आणि सगळं उघडलं. तेव्हा तिथूनही लॉग आऊट केलं.

आता मावशीचा प्रश्न. मी नसताना तिथं काय दिसत होतं?

बाहेरून पाहणाऱ्याला जवळजवळ काहीच बदल दिसत नाही. फोटो तोच, जुन्या पोस्ट त्याच, मित्रांची संख्या तीच. फक्त नावापुढचा हिरवा ठिपका येत नाही. 19 तारखेला माझा वाढदिवस होता. फेसबुकने सगळ्यांना नेहमीसारखं आठवण करून दिली, आणि 47 जणांनी लिहिलं. मी एकालाही उत्तर दिलं नाही. नणंदेच्या जावेने दुसऱ्या दिवशी सासूबाईंना फोन करून विचारलं, सूनबाईंना गर्व झाला का. वाढदिवसाची तारीख "फक्त मी" अशी लपवता येते, हे आधी सुचलं असतं तर हे टळलं असतं.

मेसेंजरची खूण नीट बघा. नुसत्या पोकळ गोलातली टिक म्हणजे मेसेज निघाला, भरलेल्या गोलातली टिक म्हणजे समोरच्याच्या फोनपर्यंत पोचला, आणि छोटा फोटो आला म्हणजे वाचला. माझ्याकडे अ‍ॅपच नाही, म्हणजे सगळ्यांचे मेसेज पोकळ गोलावर अडकले. फेसबुकवर ब्लॉक केलं की प्रोफाईल दिसेनासं होतं. मावशीला प्रोफाईल दिसत होतं, म्हणजे तिथं ब्लॉक नव्हतं. पण हा फरक मावशीने का शिकावा?

एक गोष्ट मात्र जिवाला लागली. मी नसताना माझ्याच फोटोचं आणि नावाचं दुसरं खातं निघालं. लॉक मी आत्ता केलं, फोटो त्याआधी कधीतरी उचललेला असणार. त्या खात्यावरून चोपड्याच्या भाच्याला "दोन हजार पाठव, संध्याकाळी देते" असा मेसेज गेला. त्याने पैसे न पाठवता मला फोन केला, म्हणून बरं. अ‍ॅप असतं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी मला स्क्रीनशॉट पाठवला असता. इथं समजायला चार दिवस गेले. तक्रार करायला मला लॉगिन करावं लागलं नाही. वहिनीने तिच्या खात्यावरून त्या प्रोफाईलवर जाऊन "दुसऱ्याचं सोंग घेतंय" हा पर्याय निवडला आणि "मैत्रीण" म्हणून माझं खरं खातं दाखवलं. पैसे गेले असते तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायचा होता. म्हणून महिनाभर जाताना घरातल्या एका माणसाला, जो फेसबुकवर असतो, सांगून ठेवा की माझ्या नावावर जरा नजर ठेव.

आणि जाहिरातवाल्यांचं दुकान बंद होत नाही. आपण दुसऱ्या वेबसाईटवर साडी बघितली तर ती माहिती फेसबुककडे जाऊ शकते. खातं जिवंत असलं की ती त्याला जोडली जाते. अ‍ॅप नसल्याने यात फार फरक पडत नाही.

माझं इतकंच, पण माझ्या धाकट्या भावाने हाच प्रयोग सुरतेत व्हॉट्सअ‍ॅपवर केला, आणि तिथली गोष्ट वेगळी आहे. ती लक्ष देऊन वाचा.

त्यानेही 1 जुलैला अ‍ॅप काढलं. खातं डिलीट केलं नाही, बॅकअप घेतला, सगळं नीट. 31 ला परत घालणार होता. पण कानबाईच्या सणासाठी गावी आला, रोट झाले, रविवारची रात्र जागरणात गेली, सोमवारी विसर्जन झालं आणि त्या रात्री, म्हणजे 4 ऑगस्टला, त्याने अ‍ॅप पुन्हा घातलं. व्हॉट्सअ‍ॅप न पोचलेला मेसेज आपल्या सर्व्हरवर 30 दिवसच ठेवतं, नंतर पुसून टाकतं. 4 ऑगस्टपासून 30 दिवस मागे मोजा, 5 जुलै येतो. म्हणजे 1 ते 4 जुलैचे मेसेज त्याला कधीच मिळणार नव्हते.

3 जुलैला चुलत्यांनी शेताच्या मोजणीच्या नोटिशीचा फोटो पाठवला होता. काकांच्या फोनवर त्यापुढे आजही एकच टिक आहे. काकांना वाटलं, पोरगा शहरात गेला, शेताचं त्याला काही पडलेलं नाही. पोराला वाटलं, मोजणीचं मला कोणी कळवलंच नाही. कानबाईच्या मांडवात दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते आणि आम्हाला कारण कळेना. मंगळवारी मी दोघांचे फोन शेजारी ठेवले तेव्हा उलगडलं.

5 जुलैनंतरचेही सगळे लगेच उघडले नाहीत. अ‍ॅप नव्याने घातलं की त्याची कुलूप-किल्ली नवी होते, आणि जुन्या किल्लीने बंद केलेले मेसेज नव्या किल्लीने उघडत नाहीत. मग पाठवणाऱ्याच्या फोनला ते पुन्हा पाठवावे लागतात, तेही तो फोन ऑनलाइन आल्यावर. तोवर "या मेसेजची वाट पाहत आहे" अशा अर्थाची ओळ दिसत राहते. बहुतेक मेसेज रात्रीतून उघडले. ज्या मित्राने मधल्या काळात फोन बदलला होता, त्याचे दोन अजून तसेच आहेत.

म्हणून माझं मत असं आहे. फेसबुक-इन्स्टाला महिना चालतो, तिथं मेसेज महिन्यानेही तसेच पडलेले सापडले. व्हॉट्सअ‍ॅपला मात्र महिना धरू नका, पंचवीस दिवस धरा, म्हणजे एखादी कानबाई मध्ये आली तरी चालेल. त्याहून सोपं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप काढूच नका, फक्त ग्रुप म्यूट करा. आमच्याकडे मोजणीपासून मयतीपर्यंत सगळं त्यावरच येतं.

परत आल्यावर फीड ओळखू आली नाही. पहिले दोन दिवस अनोळखी लोकांचे रील आणि ट्रॅक्टरच्या जाहिराती. ओळखीची माणसं बघायला मला मेनूतल्या "फीड्स" मध्ये जाऊन "मित्र" निवडावं लागलं, तिथं पोस्ट तारखेच्या क्रमाने येतात. अ‍ॅप अजून घातलेलं नाही, हे क्रोमवरून लिहितेय. 47 शुभेच्छांपैकी 31 जणांना उत्तर दिलंय, उरलेल्यांनी थोडं थांबावं.

नंदुरबारच्या एका ताईंचा 9 जुलैचा मेसेज होता, "कानबाईला दोन किलो बिबडे मिळतील का?" त्यांना काल फोन केला. त्यांनी दुसरीकडून घेतले होते. म्हणाल्या, जरा जाड होते, पुढच्या वेळी तुमचेच घेईन. पण तुमचा नंबर आधी वहीत लिहून घेते.