वेतन करारावर सही झाल्यानंतरचा मोह

“व्याजदर निवडून आलेल्या सरकारनेच ठरवावा. थोडी महागाई चालेल, पण रोजगार वाढेल. आणि रेपो दर वाढवून कांदा थोडाच स्वस्त होतो?”

व्याजदर सरकारने नव्हे, रिझर्व्ह बँकेने ठरवावा या व्यवस्थेवर हे आक्षेप नेहमी घेतले जातात; रेपो दर म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर. रोजगाराचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे. चाकणच्या एखाद्या कारखान्यातला तीन वर्षांचा वेतन करार डोळ्यांसमोर आणा. महागाई 4 टक्के राहील या भरवशावर युनियनने दरवर्षी 6 टक्के पगारवाढ मान्य केली. सह्या झाल्या की सरकारला मोह होतो. व्याज उतरवून महागाई 7 टक्क्यांवर जाऊ दिली, तर मालाच्या भावाच्या मानाने मजुरी स्वस्त पडते आणि कारखानदार काही काळ जास्त माणसे घेतो. ही रोजगारवाढ खरी असते, पण तिची किंमत 6 टक्क्यांवर सही करणारा कामगार मोजतो. पुढच्या करारात तो 9 टक्के मागतो, आणि मग महागाई 7 टक्क्यांवर ठाण मांडून बसते, जास्तीचा रोजगार मात्र उरत नाही. फिन किडलंड आणि एडवर्ड प्रेस्कॉट या अर्थशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये दाखवले ते हेच: प्रामाणिकपणे दिलेले वचनही लोकांनी त्यावर विश्वास ठेवल्यानंतर मोडणे सोयीचे ठरते, आणि लोकांना हे कळत असल्याने ते मुळात विश्वासच ठेवत नाहीत.

तुर्कस्तानात मार्च 2021 मध्ये व्याजदर 19 टक्क्यांवर नेणाऱ्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांना दोनच दिवसांत हटवण्यात आले आणि वर्षअखेर दर 14 टक्क्यांवर आणला गेला. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथली अधिकृत महागाई 85 टक्क्यांच्या वर होती. युक्रेन युद्धामुळे ऊर्जा महागली हे खरे, पण तो धक्का इतर देशांनीही सोसला.

लोकशाहीचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, मात्र आपल्या कायद्याने त्याची सोय केलेली आहे. रिझर्व्ह बँक कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनुसार महागाईचे 4 टक्क्यांचे लक्ष्य, दोन्ही बाजूंना 2 टक्क्यांच्या मुभेसह, रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून सरकारच ठरवते. व्याजदर ठरवणाऱ्या सहा जणांच्या पतधोरण समितीत तीन सदस्य सरकारने नेमलेले असतात. सलग तीन तिमाही सरासरी महागाई मर्यादेबाहेर राहिली, तर बँकेला सरकारपुढे कारणे मांडावी लागतात, तशी ती 2022 मध्ये मांडावी लागली. तो अहवाल तेव्हा जाहीर झाला नाही, हे मला चुकीचे वाटते, कारण भरवसा जनतेचा मिळवायचा आहे.

राहिला कांदा. रेपो दराने तो स्वस्त होत नाही, हे पूर्णपणे मान्य. पण सदाशिव पेठेतल्या मेसचालकाने कांदा महागल्यावर महिन्याचा दर वाढवला आणि कांदा उतरल्यावरही, ‘पुढे सगळेच महागणार’ या समजुतीने, तो तसाच ठेवला, तर महागाई कांद्यापुरती राहिलेली नसते. खाद्यपदार्थ आणि इंधन वगळून मोजलेली महागाई चढू लागली की हे पसरणे आकड्यांत दिसते, आणि व्याजदराचे काम तिथून सुरू होते.