शंभर मिली दूध आणि थेंबभर शेंबूड

तान्ह्या बाळाला सर्दी झाली की घरात तज्ज्ञांची पैदास होते. बाळ एकदा शिंकतं आणि आईने परवा खाल्लेलं दही चौकशीला येतं. मग बाळ छातीला लागतं, दोन-तीन घोट ओढतं, तोंड सोडून किंचाळतं, परत लागतं, परत सोडतं. हे तीनदा झालं की निकाल जाहीर होतो: "दूध कमी पडतंय, पावडर सुरू करा." कालपर्यंत हेच बाळ याच दुधावर गुबगुबीत होत होतं, हा पुरावा कोणी दाखल करूनच घेत नाही.

माझं म्हणणं इतकंच, की दुधाकडे बोट दाखवण्याआधी जरा वर, नाकाकडे बघावं. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. तोंडाने घेता येत नाही असं नाही, पण ते त्याला पटकन सुचत नाही. पिताना तर तोंड कामातच असतं. चोखायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा हे साधारण सेकंदाला एकेकदा, ठेक्यात चालतं. गिळण्याच्या क्षणी श्वास थांबतो आणि लगेच नाकातून सुरू होतो. नाकच बंद असेल तर दोन-तीन घोटांनंतर तोंड सोडण्यावाचून उपाय नाही. सोडल्यावर ते जे भोकाड पसरतं, त्यात राग असतोच, पण त्या निमित्ताने तोंड उघडून हवाही आत जाते. शिवाय या धरसोडीत पोटातही हवा जाते, म्हणून दूध कमी पिऊन ढेकर मात्र जेवणावळीतून उठल्यासारखी येते.

तर आधी नाक. औषधाच्या दुकानात बाळांसाठी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब मिळतात. पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाळाला मांडीवर उताणं घ्यावं, डोकं किंचित मागे, आणि प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब टाकावेत. ड्रॉपरचं टोक नाकाला लावू नये, नाहीतर सर्दी बाटलीत राहायला जाते. मग मिनिटभर थांबायचं. हे मिनिट मोठ्यांना सोसत नाही, पण वाळलेली खपली मऊ होते ती याच मिनिटात. बरेचदा बाळ शिंकतं आणि ऐवज आपोआप बाहेर येतो. तो मऊ कापडाने टिपायचा.

नाहीच आला, तर रबरी फुग्याचा पंप. यात सगळ्यांची गल्लत एकाच ठिकाणी होते: फुगा नाकात घालून दाबतात. म्हणजे जे बाहेर काढायचं ते आत फुंकतात. फुगा बाहेरच दाबायचा, दाबलेलाच ठेवून टोक नाकपुडीच्या तोंडाशी, जेमतेम आत धरायचं, आणि मग हळूच सोडायचं. कागदावर पिचकारी मारून तो रिकामा करावा आणि नंतर गरम साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावा. दिवसात तीन-चार वेळांहून जास्त ओढू नये. सारखं ओढल्याने आतलं अस्तर सुजतं, नाक आणखी चोंदतं, मग आपण आणखी ओढतो. हा उद्योग पाजून झाल्यावर तर करूच नये, कारण चाळीस मिनिटं घोट-घोट आत गेलेलं दूध एका उलटीत बाहेर येतं.

नाकात तेलाचा थेंब टाकायला कोणी वाटी कोमट करत असेल तर वाटी काढून घ्यावी, कारण तेल श्वासातून फुप्फुसात उतरू शकतं. मोठ्यांचे नाक मोकळं करणारे थेंब, छातीला चोळायचं कापराचं मलम आणि धुरी हेही नको. सर्दीचं सिरपही नको. सर्रास दिल्या जाणाऱ्या क्लोरफेनिरामिन-फेनिलएफ्रिनच्या मिश्रणाबद्दल तर आपल्याकडच्या औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरात चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बजावलं आहे. आजींशी या विषयावर वाद घालू नये. "डॉक्टर नको म्हणालेत" एवढ्यावर भागतं.

आता पाजणं. समजा तीन महिन्यांचं, साडेपाच किलोचं, बाटलीने पिणारं बाळ आहे. किलोमागे दिवसाला सुमारे 150 मिली धरलं तर ते दिवसभरात सव्वाआठशे मिलीच्या आसपास पितं. आठ वेळांत, म्हणजे एका वेळी शंभर. सर्दीत ते साठवर तोंड फिरवतं आणि उरलेल्या चाळीस मिलीसाठी घरभर सुतक पसरतं. पण दर दोन तासांनी साठ-साठ दिले तर बारा वेळांचे 720 होतात, आणि दोन-चार दिवस तेवढं पुरतं. हिशोब दिवसाचा करायचा, बाटलीचा नाही. उरलेले चाळीस कोंबले तर श्वास आणि घोट एकमेकांत अडकतात, ठसका लागतो आणि आतले साठही परत येतात. अंगावर पिणाऱ्या बाळाचे मिली मोजता येत नाहीत, तिथे ओली लंगोटी मोजावी. ते तासा-दीड तासाने मागेल. त्याला "सवय लागली" म्हणू नये.

बाळाला आडवं न घेता उभट घ्यावं: मांडीवर दोन्हीकडे पाय सोडून, पोटाशी पोट, डोकं वर. नाक मोकळं राहावं म्हणून स्तन बोटाने दाबण्याची पद्धत आहे. त्याने पकड सुटते. त्याऐवजी बाळाचं ढुंगण स्वतःकडे ओढावं, म्हणजे हनुवटी रुतते आणि नाक आपोआप सुटं होतं. सुरुवातीला दुधाची धार जोरात येत असेल तर थोडं पिळून काढावं, कारण चोंदल्या नाकाने ती धार आवरत नाही. चार-पाच घोटांनंतर बाळ थांबलं तर थांबू द्यावं, ते दमही घेत असतं.

अजिबातच लागत नसेल तर काढलेलं दूध बोंडल्याने द्यावं. बारशाला आलेलं चांदीचं बोंडलं कपाटातून निघायला याहून चांगला मुहूर्त नाही, फक्त आधी उकळून घ्यावं. बाळ उभट आणि जागं हवं, चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्याशी, आणि आधीचा घोट गिळल्यावरच पुढचा. रडणाऱ्या, आ वासलेल्या तोंडात ओतणं हा जुना शॉर्टकट आहे आणि तोच ठसक्याचा राजमार्ग आहे.

रात्री डोक्याखाली उशी नको. सपाट, पाठीवरच झोपवावं. घुर्र-घुर्र आवाज येत राहील; आवाज नाकाचा असेल तर तो फक्त झोपमोड करतो. बघायची ती छाती. बाळ शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. घरात तिघांनी मोजले तर तीन आकडे येतात, म्हणून एकानेच दोनदा मोजावेत. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, किंवा श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर थेंब बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा. ओठ निळसर दिसले, बाळ मलूल पडलं किंवा पिणंच सोडलं, तरी तेच. नेहमीच्या निम्म्याहून कमी पोटात जात असेल, सहा-आठ तास लंगोट कोरडी असेल, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप असेल, तरीही त्याच दिवशी दाखवावं.

आणि डॉक्टरांनी "किती पितंय?" विचारलं की "काहीच नाही हो" असं कोरसमध्ये सांगू नये. काल सकाळपासून किती वेळा प्यायलं, किती लंगोट्या ओल्या झाल्या आणि मिनिटाला श्वास किती, हे तीन आकडे चिठ्ठीवर लिहून न्यावेत. दह्याचा विषय त्यांनी काढला तरच काढावा.