तर्री-पोह्यात प्लॅन नको रे बाप्पा!

नेटवर्क मार्केटिंगवाला भाऊ तर्री-पोहे खायला बोलावतो अन् प्लेट अर्धी व्हायच्या आत कागदी नॅपकिनवर साखळीतल्या लेफ्ट-राइट लेगचे गोळे काढायला लागतो. "बघतो" म्हणालात की मेलात! त्याच्या यादीत तुमच्यापुढे 'फॉलोअप' लागतं अन् पुढच्या खेपेला तो त्याला जॉइन करवणाऱ्या अपलाइनला सोबत घेऊन येतो. "पैसे नाहीत" म्हणा, त्यावरचं उत्तर त्याला मीटिंगमध्येच पाठ करून दिलेलं असतं. म्हणून कारण द्यायचंच नाही. "घेणार नाही, जॉइनही होणार नाही," बस्स.

घरीच टपकला तर 2021 चे थेट विक्री नियम ऐकवा: ओळखपत्र नसेल, आधी वेळ किंवा परवानगी घेतली नसेल, तर विक्रेत्याला ग्राहकाच्या घरी जाता येत नाही. आता सख्ख्या साळ्याला ओळखपत्र कसं मागायचं? मागा ना, बिनधास्त!