‘खाल्लीस’मधला ‘स’ कोणाचा?

प्रतिक्रिया: “भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते, असे आपण ठामपणे लिहिता. मग ‘तू भाकरी खाल्लीस’ यातला ‘स’ भाकरीचा का? आणि आमच्या गडहिंग्लजकडे ‘मी भाकरी खाल्लो’ असेच म्हणतात. हा नियम पुस्तकातला आहे, बोलण्यातला नाही.”

‘स’ अर्थातच ‘तू’चा आहे, भाकरीची आहे ती त्याच्या आधीची ‘ई’. भाकरीच्या जागी आंबा आला की ‘खाल्लास’ होते, आंबे आले की ‘खाल्लेस’, आणि खाणारा मुलगा आहे की मुलगी याने काहीच बिघडत नाही. उलट भाकरी तशीच ठेवून कर्ता बदलून पाहा: ‘तुम्ही भाकरी खाल्लीत’, ‘त्याने भाकरी खाल्ली’. बदलते ते फक्त टोक. कर्माला ‘ला’ लावला तर या दोन जागा आणखी स्पष्ट दिसतात. ‘तू म्हशीला बांधलेस’ या वाक्यात म्हैस स्त्रीलिंगी असूनही क्रियापद नपुंसकलिंगी होते, कारण ‘ला’ लागलेले कर्म क्रियापदावर आपली छाप पाडू शकत नाही. ‘स’ मात्र जागचा हलत नाही. आपल्या व्याकरणांत ‘तू भाकरी खाल्लीस’ अशा वाक्यांसाठी कर्तृ-कर्मसंकर असे स्वतंत्र नाव आहे, ते याच कारणाने.

हा संकर झाला कसा, ते जुन्या मराठीत डोकावले की उमगते. ‘खाल्ला, खाल्ली, खाल्ले’ ही मुळात विशेषणासारखी चालणारी कृदन्ते आहेत. संस्कृतात ‘मया ग्रन्थः पठितः’ म्हणावे, तसा करणारा तृतीयेत आणि कृदन्त कर्माशी जुळलेले. जुन्या मराठीत ही तृतीया ‘म्यां’, ‘त्वां’ अशी वेगळी ऐकू येत असे. पुढे ती रूपे मागे पडून तिथे ‘मी’ आणि ‘तू’च राहिले, तर ‘त्याने’, ‘तिने’ यांचा प्रत्यय टिकला. त्यामुळे ‘तू भाकरी खाल्लीस’ यातला ‘तू’ आता ‘तू आलीस’ यातल्या ‘तू’सारखाच दिसतो, आणि ‘आलीस’मधला ‘स’ इकडे येण्याची वाट त्यामुळेच सोपी झाली, असे माझे मत आहे.

गडहिंग्लजचे ‘मी भाकरी खाल्लो’ मी अशुद्ध मानत नाही. कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद कर्त्याशीच जुळते, आणि सीमेलगत पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा एकाच घरात बोलल्या जातात. शिवाय ‘मी नाव विसरलो’, ‘मी धडा शिकलो’ असे कर्त्यामागे जाणारे सकर्मक नमुने प्रमाण मराठीतही आहेतच. मात्र या बोलीवरून सगळ्या मराठीचा नियम पुस्तकी ठरत नाही. कोल्हापूर शहरात भाजीवालीला ‘मावशी, मेथी किती आणलीसा?’ असे विचारणाऱ्याने व्याकरण वाचलेले नसते, तरी ‘आणली’ मेथीची आणि ‘सा’ मावशींचा, ही वाटणी तो बिनचूक करतो.