केवलमूल्याच्या असमानता : ‘आणि’ कुठून येतो, ‘किंवा’ कुठून येतो

केवलमूल्याच्या असमानता शिकवताना पुष्कळ वर्गांमध्ये आधी फळ्यावर दोन ओळी येतात : ‘पेक्षा लहान’ असेल तर ‘आणि’, ‘पेक्षा मोठे’ असेल तर ‘किंवा’. मुले त्या पाठ करतात आणि सरळसाध्या उदाहरणांत त्यांचे निभावूनही जाते. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की या दोन ओळी सुरुवातीला देऊच नयेत, कारण त्या ज्या एका गोष्टीतून निघतात ती गोष्ट त्या ओळींपेक्षाही लहान आहे.

ती गोष्ट म्हणजे, |a| ही a आणि −a या दोन संख्यांमधली मोठी संख्या असते. a = 7 असेल तर 7 आणि −7 यांतली मोठी 7, आणि a = −7 असेल तर −7 आणि 7 यांतली मोठी पुन्हा 7 च. आता दोन भावंडांमध्ये जो उंच आहे तोसुद्धा पाच फुटांपेक्षा बुटका आहे असे कोणी सांगितले, तर दोघेही पाच फुटांच्या आत आहेत हे उघड आहे. पण उंच असलेला पाच फुटांपेक्षा जास्त आहे एवढेच सांगितले, तर दोघांपैकी निदान एक जण तसा आहे इतकेच कळते. पहिल्या विधानात ‘आणि’ आहे, दुसऱ्यात ‘किंवा’ आहे, आणि केवलमूल्याच्या असमानता दोन वेगळ्या वाटांनी फुटतात त्याचे कारण एवढेच आहे.

|2x − 3| < 5 हे उदाहरण घेऊ. 2x − 3 आणि −(2x − 3) या दोन्ही राशी 5 पेक्षा लहान हव्यात, म्हणजे 2x − 3 < 5 आणि 2x − 3 > −5, म्हणून x < 4 आणि x > −1. दोन्ही अटी एकाच x ने पाळायच्या असल्यामुळे त्या −1 < x < 4 अशा एका ओळीत लिहिता येतात. |2x − 3| > 5 मध्ये मात्र 2x − 3 > 5 किंवा 2x − 3 < −5, म्हणजे x > 4 किंवा x < −1. हे दोन तुकडे संख्यारेषेच्या दोन टोकांकडे जातात आणि ते एका ओळीत बसवता येत नाहीत. उत्तरपत्रिकेत नेमके इथे 5 < 2x − 3 < −5 असे लिहिलेले आढळते. त्या ओळीतील मधली राशी झाकून पाहिली की 5 < −5 एवढे उरते, आणि चूक तिथेच उघडी पडते. उत्तराबद्दल शंका असेल तर x = 0 घालून पाहावे : |−3| = 3, म्हणून 0 पहिल्या उत्तरात असायला हवा आणि दुसऱ्यात नसायला हवा.

खरी पंचाईत होते ती प्रकार पाडून सोडवण्याच्या पद्धतीत, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. त्या पद्धतीत |2x − 3| < 5 साठी आधी x ≥ 1.5 धरतात आणि x < 4 मिळवतात, मग x < 1.5 धरून x > −1 मिळवतात. शेवटी हे दोन प्रकार ‘किंवा’ने जोडायचे असतात. ‘लहान म्हणजे आणि’ असे पाठ केलेला हुशार विद्यार्थी इथे अडखळतो आणि त्याचे अडखळणे रास्तच आहे. काही जण दोन प्रकारांच्या उत्तरांचा छेद घेतात. एका प्रकारात x किमान 1.5 आणि दुसऱ्यात 1.5 पेक्षा कमी असल्यामुळे तो छेद रिकामाच येतो. वस्तुतः ‘आणि’ प्रत्येक प्रकाराच्या आत आहे : x ≥ 1.5 आणि x < 4, किंवा x < 1.5 आणि x > −1. हे दोन तुकडे 1.5 पाशी एकमेकांना चिकटतात, म्हणून शेवटी −1 पासून 4 पर्यंतचा सलग पट्टा दिसतो. ‘पेक्षा मोठे’च्या उदाहरणातही हेच दोन प्रकार पडतात, पण तिथले तुकडे 1.5 पासून लांब असतात आणि मधली जागा मोकळी राहते.

उजव्या बाजूला ऋण संख्या आली की वेगळा नियम सांगण्याची प्रथा आहे, तीही मला अनावश्यक वाटते. |x| < −2 म्हणजे x < −2 आणि x > 2. अशी संख्याच नाही. |x| > −2 म्हणजे x > −2 किंवा x < 2. यातून कोणतीही वास्तव संख्या सुटत नाही. इतकेच नव्हे, तर उजवीकडे x असला तरी हीच फोड चालते. |2x − 3| > x साठी 2x − 3 > x किंवा 2x − 3 < −x, म्हणून x > 3 किंवा x < 1. x ऋण असताना काय होईल याचा निराळा विचार करावा लागत नाही, कारण त्या सगळ्या संख्या x < 1 मध्ये आपोआप येतात. याच उदाहरणात चिन्ह उलटवले, तर x < 3 आणि x > 1, म्हणजे 1 < x < 3. आणि 1 व 3 हे बिंदू दोन्ही उत्तरांबाहेर राहतात, कारण तिथे दोन्ही बाजू समान होतात.