चुरम्याचे तीन भाग आणि सोळा मेहुणे

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आज ओट्याशी उभ्या असतानाच घेरी येऊन खाली बसल्या. सोमवार होता आणि पोटात सकाळपासून फक्त चहा होता. त्यांचे सोळा सोमवार गेल्या वर्षीच पूर्ण झाले आहेत. मात्र उद्यापन झाल्याशिवाय उपवास सोडायचा नाही, असे घरच्यांनी बजावले असल्यामुळे त्या अजूनही सोमवार धरतात. उद्यापन अडले आहे ते केवळ पैशांसाठी.

सोळा सोमवारच्या कहाणीत उद्यापन कसे सांगितले आहे, ते आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकले आहे. सतराव्या सोमवारी कणीक, तूप आणि गूळ यांचा चुरमा करून देवळात न्यायचा, पूजा करायची आणि चुरम्याचे तीन भाग करायचे: एक देवाला, दुसरा देवळातल्या ब्राह्मणांना किंवा गाईला, तिसरा घरी आणून सर्वांनी मिळून खायचा. घट्ट कणकेचे जाड रोट खरपूस भाजावेत, कुटून चाळावेत आणि त्यात तूप-गूळ कालवावा, एवढाच हा खटाटोप.

मावशींच्या जावेने मात्र सोळा मेहुणे जेवायला घालण्याचा हिशेब मांडला आहे. सोळा मेहुणे म्हणजे ३२ पाने. दीडशे रुपयांचे ताट धरले तरी ४,८०० रुपये जेवणालाच गेले, आणि त्यावर १६ खण, १६ नारळ, १६ टॉवेल-टोप्या व दक्षिणा. यासाठी मावशी बचत गटातून कर्ज काढायच्या विचारात आहेत. महादेवाने हे कधी मागितले? मेहूण म्हणजे जोडपेच हवे, त्यामुळे मावशींची विधवा बहीण त्या दिवशी पोळ्या लाटणार, पण पाटावर बसणार नाही. एवढे करून मिळालेले खण घरोघर कपाटात पडून राहतात आणि पुढच्या उद्यापनात घडीसुद्धा न मोडता दुसरीच्या ओटीत जातात, हे आपण सगळ्याजणी जाणतो.

आता कबूल करते, ज्या बाईला एरवी स्वतःच्या नावाने कोणाला जेवायला बोलावता येत नाही, तिला उद्यापनात तो मान मिळतो. ऐपत असेल त्यांनी खुशाल बत्तीस काय, शंभर पाने मांडावीत. परंतु ऐपत नसलेल्या बाईचे व्रत अपुरे ठरवून तिला महिनोन्‌महिने उपाशी ठेवणारी माणसे मला धार्मिक वाटत नाहीत.

मघाशी साखरपाणी घेतल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, चुरम्यावर भागेल हो, मला ठाऊक आहे. पण जाऊबाई म्हणतात, पोराला नोकरी लागली ती जाईल." या भीतीपुढे माझा सारा त्रागा गळून पडला. कहाणीची पोथी मी त्यांच्या पिशवीत ठेवली आहे आणि जावेशी बोलायला रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे. त्यांच्या नात्यात असे अडलेले उद्यापन कोणी निव्वळ चुरम्यावर उरकले असेल, तर तिचा दाखला मला तिथे जास्त उपयोगी पडेल. तुमच्या ओळखीत कोणी असल्यास कृपया कळवा.